'का घेतलं नाही?' आणि 'आता काय शिकू?'

(जयसिंगपूर येथे वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मुलाखतीची तयारी कशी करावी, यावर इथं याआधी दोन भाषणं झालीत असं मला सांगितलं. म्हणून मी त्यापुढचं बोलणार आहे. मुलाखत झाली, आठ दिवस वाट पाहिली, आणि मग फोन आला की दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. फोन ठेवल्यानंतर काय करायचं, एवढाच माझा विषय आहे. त्यातही एकच गोष्ट: ज्यांनी मुलाखत घेतली त्यांच्याकडंच सल्ला मागायचा. कसा मागायचा, काय मिळतं, काय मिळत नाही, हे माझ्याच एका अनुभवावरून सांगते.

माझे अब्बा इथल्या बाजारपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. हे गावच व्यापारासाठी वसलं. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावानं ही पेठ वसवली, सरळ आखलेल्या गल्ल्यांची. अब्बा सांगायचे, माल परत आला की नवखा व्यापारी भांडतो आणि जुना व्यापारी विचारतो. भांडणारा म्हणतो, 'माझा माल चांगलाच होता.' विचारणारा म्हणतो, 'ओल जास्त होती का? पुढच्या खेपेला किती दिवस वाळवून आणू?' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही आधी भांडायलाच निघाले होते.

२०२२ची गोष्ट. बी.कॉम. झालं होतं, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात सव्वा वर्ष काम केलं होतं. इचलकरंजीतल्या एका कापड कारखानदाराकडं अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली. मुलाखत दोघांनी घेतली. एक मालकांचे चिरंजीव, दुसरे त्यांचे अकाउंट्स बघणारे वयस्क साहेब. पाऊण तास चालली. मला वाटलं, जमली. नवव्या दिवशी ऑफिसमधून एका मुलीचा फोन आला, 'मॅडम, दुसरे कॅंडिडेट घेतलेत.'

घरात त्या रात्री काय बोलणं झालं, ते इथल्या पुष्कळ घरांना सांगायला नको. मामू म्हणाले, 'नाव बघून नको म्हटलं असेल.' अम्मी म्हणाली, 'मुलगी आहे म्हणून.' भाऊ म्हणाला, 'आधीच ठरलेला असणार कुणीतरी.' तिघांचंही खरं असू शकत होतं. पण तिघांपैकी कुणीही त्या खोलीत नव्हतं. खोलीत मी होते आणि ते दोघे होते. मी कुठं अडखळले हे मला अर्धंमुर्धं माहीत होतं, त्यांना पुरतं माहीत होतं.

मी फोनवर मेसेज लिहिला. तो अजून माझ्याकडं आहे, वाचून दाखवते. 'सर, मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. मला का घेतलं नाही? ज्यांना घेतलं त्यांच्यात माझ्यापेक्षा काय जास्त आहे? प्लीज फीडबॅक द्या.' पाठवायच्या आधी कॉलेजातल्या आमच्या मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, 'यात तू तीन प्रश्न विचारलेस आणि तिन्हींची उत्तरं त्यांना देता येणार नाहीत.'

ते कसं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आज मी स्वतः टेबलाच्या पलीकडं बसते तेव्हा कळतं. 'का घेतलं नाही' असं कुणी विचारलं की मला माझ्या निर्णयाचा बचाव करावा लागतो. मी लिहिलेली ओळ उद्या कुठल्या तक्रारीला जोडली जाईल, ही धास्ती असते. म्हणून मी सुरक्षित वाक्य लिहिते: 'आपली पात्रता चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' 'दुसऱ्यात काय जास्त होतं' याचं उत्तर द्यायचं तर मला एका तिसऱ्या माणसाची माहिती द्यावी लागते, आणि ती देण्याचा मला अधिकार नाही. आणि नुसतं 'फीडबॅक द्या' म्हटलं की माणूस मागं वळून शेरा देतो. चांगलं होतं, ठीक होतं, आत्मविश्वास कमी वाटला. शेऱ्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

यावर एक प्रयोगही झालेला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तो मांडला. दोनशे लोकांना एक नोकरीचा अर्ज वाचायला दिला. शिकवणीच्या कामासाठी कुणीतरी लिहिलेलं पत्र होतं ते. काहींना सांगितलं, यावर अभिप्राय द्या. काहींना सांगितलं, सल्ला द्या. पत्र तेच. अभिप्राय देणाऱ्यांनी बहुतेक मोघम कौतुक केलं. सल्ला देणाऱ्यांनी सुधारण्याच्या जागा ३४ टक्के जास्त दाखवल्या, आणि कसं सुधारायचं याच्या सूचना ५६ टक्के जास्त दिल्या. शब्द एकच बदलला होता. सल्ला द्यायचा म्हटलं की माणूस पुढं बघतो, समोरच्याच्या बाजूला येऊन बसतो.

मॅडमनी मला तो मेसेज खोडायला लावला आणि दुसऱ्या दिवशी ई-मेल लिहायला लावला. तोही वाचते.

'आदरणीय सर, गेल्या आठवड्यात अकाउंट्स असिस्टंट पदासाठी आपण माझी मुलाखत घेतलीत. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाल्याचं काल ऑफिसमधून कळलं. कळवल्याबद्दल आणि मुलाखतीत दिलेल्या वेळेबद्दल आभार. निर्णयाबद्दल माझं काही म्हणणं नाही, एक विनंती आहे. पुढच्या सहा महिन्यांत अशाच कामासाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे. त्याआधी मी कुठली एक-दोन कामं शिकून घ्यावीत असं आपल्याला वाटतं? जॉबवर्कच्या प्रश्नाला माझं उत्तर नीट जमलं नाही हे मला जाणवलं. तिथूनच सुरुवात करावी का? दोन ओळींत लिहिलंत तरी पुरे. फोनवर सांगणं सोयीचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते. सवड नसेल तरी हरकत नाही.'

बघा, यात काय काय आहे. 'निर्णयाबद्दल माझं काही म्हणणं नाही' या वाक्यानं समोरच्याची धास्ती जाते. ते वाक्य मनापासून लिहायला मला एक रात्र लागली, म्हणून तर दुसऱ्या दिवशी लिहायचं. 'कुठली एक-दोन कामं' असं मोजून विचारलंय. माझ्याबद्दल सगळं सांगा म्हटलं की कुणी बसून लिहीत नाही. 'जॉबवर्कचा प्रश्न' ही मी स्वतः कबूल केलेली उणीव. ती मी आधी सांगितल्यामुळं त्यांना कटू बोलायची सुरुवात करावी लागली नाही, फक्त पुढं बोलायचं होतं. आणि फोनचा पर्याय ठेवला, कारण लिहून द्यायला कचरणारा माणूस पुष्कळदा बोलायला कचरत नाही.

कुणाला पाठवायचं हेही महत्त्वाचं. ज्या मुलीनं फोन केला तिला नाही, आणि मालकांनाही नाही. ज्यांनी कामाचे प्रश्न विचारले त्यांना. त्यांचा पत्ता नसेल तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून 'कृपया साहेबांपर्यंत पोहोचवावं' असं लिहायचं. निकाल कळल्यापासून दोन-तीन दिवसांत पाठवायचं, कारण महिन्यानं मुलाखत घेणाऱ्याला तुमचा चेहरा आठवतो, उत्तरं आठवत नाहीत. आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायची. त्यानंतर थांबायचं.

आपल्या भागात एक चूक फार होते, ती मुद्दाम सांगते. मुलाचं काम झालं नाही की वडील कुणातरी ओळखीच्या माणसाला फोन करायला लावतात: 'साहेब, आमचा पोरगा होता, जरा विचारा काय झालं ते.' हेतू चांगला असतो. पण पलीकडच्या माणसाला तो दबाव वाटतो. तो उत्तर त्या ओळखीच्या माणसाला देतो, तुमच्या मुलाला नाही, आणि ते उत्तर गोड असतं. शिवाय हा उमेदवार स्वतःचं बोलणं स्वतः करू शकत नाही, अशी नोंद त्याच्या डोक्यात राहते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या वयस्क साहेबांचा फोन आला. बारा-तेरा मिनिटं बोलले. मी वही घेऊन बसले होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट कामाची. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं: 'आपण एक हजार किलो सूत मागवाल्याला विणायला पाठवलं. त्याच्याकडून पाच हजार मीटर कापड आलं आणि तीस किलो वेस्टेज आलं. त्याच्याकडं आपलं सूत किती शिल्लक?' मी म्हटलं होतं, 'सूत विकल्याचं बिल करू आणि कापड खरेदीचं बिल घेऊ, म्हणजे हिशेब बसेल.' मला ते उत्तर हुशारीचं वाटलं होतं. साहेब फोनवर म्हणाले, 'पोरी, तिथंच आम्ही ओळखलं की तू बिलं पाहिलीस, माल पाहिला नाहीस.'

मग त्यांनी समजावलं. विणायला दिलेलं सूत विकलेलं नसतं, ते आपलंच असतं. ते बिलावर जात नाही, चलनावर जातं. सूत जातं किलोत आणि कापड येतं मीटरमध्ये, म्हणून आधी एका मीटरचं वजन माहीत हवं. समजा मीटरला १२० ग्रॅम, खळीचं वजन सोडून. मग पाच हजार मीटर म्हणजे ६०० किलो. तीस किलो वेस्टेज. हजारातून ६३० गेले, ३७० किलो त्याच्याकडं शिल्लक. हा आकडा खरेदी-विक्रीच्या खात्यात कुठंच दिसत नाही, तो जॉबवर्कच्या वेगळ्या वहीत ठेवावा लागतो. आणि तो ठेवला नाही तर काय होतं? जीएसटी कायद्यात असा कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरतात, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. 'इचलकरंजीत निम्मं काम असंच बाहेर जातं-येतं,' ते म्हणाले, 'ज्याला हे येत नाही त्याला मी महिनाअखेरीला काय देऊ?'

दुसरी गोष्ट बोलण्याची. ते म्हणाले, 'तू प्रत्येक वाक्यात आम्ही म्हणत होतीस. आम्ही रिटर्न भरायचो, आम्ही ताळा घालायचो. त्यातलं तू काय करायचीस, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.' मला वाटायचं 'मी मी' करणं बरं दिसत नाही, घरातलं वळणच तसं. पण त्यांची अडचण खरी होती. त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी असं सांग: किती पार्ट्यांचं काम तुझ्याकडं होतं, महिन्याला किती बिलं तू स्वतः चढवायचीस, आणि पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी पोर्टलवर आली की ती खरेदीच्या वहीशी कोण ताडून बघायचं. मी हिशेब केला. अकरा पार्ट्या होत्या आणि ताडून बघण्याचं काम पूर्ण माझं होतं. हे मी पाऊण तासात एकदाही बोलले नव्हते.

तिसरी गोष्ट माझ्या हातातली नव्हती, आणि ती त्यांनी न विचारता सांगितली. निवड झालेल्या उमेदवारानं आधी सायझिंगमध्ये काम केलेलं होतं. त्याला सूत, बीम, चलन हे शिकवावं लागणार नव्हतं. पुढं ते म्हणाले, 'आणि एक. महिनाअखेरीला उशीर झाला तर जाणार कशी, असं विचारलं तेव्हा तू बघू म्हणालीस.' इथं मी थांबते. हा प्रश्न त्या मुलाला विचारला असेल का? बहुधा नाही. तो सगळ्यांना विचारायला हवा किंवा कुणालाच नको, असं माझं मत आहे आणि आज मी तो विचारत नाही. पण त्या दिवशी फोनवर मी वाद घातला नाही. मी सल्ला मागितला होता. तो मागून घेतल्यावर त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे घरी बसून ठरवता येतं. फोनवरच वाद घातला असता तर बाकीच्या दोन गोष्टीही हातातून गेल्या असत्या.

आता मामूंच्या शंकेकडं येते, कारण ती टाळून पुढं जाणं अप्रामाणिक होईल. नाव बघून नाकारतात का? नाकारतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढं बोलावणं येण्याचा संभव सुमारे एक-तृतीयांश निघाला. म्हणजे शंका हवेतली नाही. पण तो अभ्यास बोलावणं येण्याच्या टप्प्याचा आहे. मला बोलावलं होतं, नाव वाचूनच बोलावलं होतं. म्हणून मुलाखतीनंतर भेदभाव होतच नाही, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की सल्ला मागून भेदभाव सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. ज्यानं नावामुळं नाकारलं तो तसं कधीच लिहिणार नाही. त्याचं उत्तर मोघम येईल किंवा येणारच नाही. पण माझ्यासारख्या प्रसंगात, जिथं ३७० किलोचं उत्तर मला खरंच येत नव्हतं, तिथं सगळा दोष नावावर टाकला असता तर पुढच्या मुलाखतीतही ते उत्तर आलं नसतं. शंका मनात राहू द्या, पण तिच्यामुळं प्रश्न विचारायचा सोडू नका.

पुढं मी काय केलं ते थोडक्यात. मामूंच्या ओळखीचे एक यंत्रमागवाले होते. ओळखीचा खरा उपयोग इथं झाला. सहा रविवार मी त्यांच्याकडं जाऊन बसले. चलनाची पुस्तकं पाहिली, सूत उतरताना वजन कसं घेतात ते पाहिलं, वेस्टेजचं पोतं कुठं ठेवतात ते पाहिलं. मग एक्सेलमध्ये एक साधी वही केली: चलन नंबर, तारीख, गेलेलं सूत, आलेलं कापड मीटरमध्ये, त्याचं वजन, वेस्टेज, शिल्लक, आणि शेवटच्या रकान्यात 'वर्ष पूर्ण होण्याची तारीख'. एवढंच. त्या साहेबांना दोन ओळींचा मेसेज टाकला: 'सर, आपण सांगितल्याप्रमाणे जॉबवर्कची वही शिकले. आभार.' काम द्या, असं त्यात लिहिलं नाही. त्यांनी अंगठा पाठवला. पुढं तिथून कधी बोलावणं आलं नाही.

त्यानंतरच्या मुलाखतीतही माझी निवड झाली नाही. त्या लोकांना मी तसाच ई-मेल केला, उत्तर आलं नाही. तिसरी मुलाखत एका मशीन शॉपमध्ये होती. तिथं सूत नव्हतं, कास्टिंग होतं. त्यांनी विचारलं, 'दोनशे नग मशीनिंगला गेले, १६० परत आले, बारा रिजेक्ट. राहिले किती आणि कुठं दिसणार?' अठ्ठावीस नग, आणि दिसणार चलनाच्या वहीत. मी माझी एक्सेलची वही काढून दाखवली. आज मी तिथंच आहे.

गेली दोन वर्षं मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. म्हणून मिळालेला सल्ला कसा वाचायचा, हे दुसऱ्या बाजूनं सांगते. 'आपली प्रोफाइल उत्तम आहे, संधी आल्यास कळवू' हे उत्तर नसतं, तो निरोप असतो. त्यात अर्थ शोधत बसू नका. 'आत्मविश्वास वाढवा', 'कम्युनिकेशन सुधारा' हे अर्धं उत्तर असतं. त्यावर नम्रपणं एकच पुढचा प्रश्न विचारता येतो: 'कुठल्या प्रश्नाच्या वेळी आपल्याला तसं वाटलं?' पुष्कळदा त्यातून खरं उत्तर निघतं. एका मुलाला मीच 'आत्मविश्वास कमी वाटला' असं लिहिलं होतं. त्यानं हा प्रश्न विचारला तेव्हा मला आठवून सांगावं लागलं की टीडीएस भरायची तारीख विचारल्यावर तो घुटमळला होता. म्हणजे प्रश्न आत्मविश्वासाचा नव्हता, सात तारखेचा होता. त्याला ते एका संध्याकाळीत पाठ करता आलं.

ज्यातून उद्या करता येईल आणि महिन्याभरानं तपासता येईल असं काम निघतं, तो पूर्ण सल्ला. पण तोही एका माणसाचा असतो. एकानं सांगितलं म्हणून लगेच चाळीस हजारांचा कोर्स लावू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच सांगितलं तर मात्र ती उणीव खरी समजा. आणि 'दुसऱ्याला अनुभव जास्त होता' असं उत्तर आलं तर ते वाचून गप्प बसा. त्यात तुम्ही काही चुकलेलं नसतं आणि दुरुस्त करण्यासारखंही काही नसतं.

शेवटचा मुद्दा सरकारी भरतीचा, कारण इथले निम्मे तरी त्या तयारीत आहेत. तिथं मुलाखत घेणाऱ्या मंडळाला ई-मेल करून सल्ला मागण्याची वाट नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. तिथली वाट माहिती अधिकाराची आहे. दहा रुपये फी, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा, आणि माहिती अधिकाऱ्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. पण तिथंही प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच सांगितलं की माहिती म्हणजे 'का' या प्रश्नाचं उत्तर नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका उमेदवाराला मिळाली पाहिजे असं सांगितलं, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की सल्ला किंवा मत देणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. म्हणून 'माझी निवड का झाली नाही' असा अर्ज केला तर तो फेटाळला जाणार. 'माझे लेखी परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण द्यावेत, माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत द्यावी' असा केला तर तो कागदाबद्दलचा अर्ज झाला.

दुसऱ्यांचे गुण मिळाल्याचं एक उदाहरण आहे. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीतल्या एका उमेदवारानं ते मागितले होते. खाजगी माहिती म्हणून त्याला नकार मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते गुण देण्याचा आदेश दिला: सार्वजनिक भरती आहे, तर गुण झाकून ठेवण्याचं कारण नाही. खाजगी नोकरीत मात्र असा कुठलाही हक्क नाही. तिथं समोरच्यानं दिलेली दहा मिनिटं ही त्याची मेहरबानी आहे, आणि म्हणूनच ती मागण्याची भाषा वेगळी. सरकारी भरतीत आपण कागद मागतो, कारण तो आपला हक्क असतो. खाजगी नोकरीत आपण विनंती करतो. या दोन्हींची गल्लत झाली की दोन्हीकडं हात रिकामे राहतात.

एक गोष्ट आजपासून करा. मुलाखतीतून बाहेर पडलात की घरी पोहोचायच्या आधी, बसस्टँडवर, स्टेशनवर, जिथं बसायला मिळेल तिथं, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा. पुढं आपण काय उत्तर दिलं ते लिहा, आणि जिथं अडखळलो तिथं खूण करा. निवड झाली तर ती वही पुन्हा उघडावी लागणार नाही. नाही झाली, तर तुमच्या ई-मेलमधलं नेमकं वाक्य त्या खुणेतूनच निघेल. माझ्या वहीत त्या दिवशी 'सूत – ?' एवढंच लिहिलेलं होतं. त्या एका प्रश्नचिन्हामुळं मला विचारायला काहीतरी होतं.